चोवीस दिवसांचं अंतर: सोळा वर्षांच्या मुलावर सज्ञान म्हणून खटला कधी चालतो

प्रश्न: जेटीवरच्या मारामारीत माझ्या भाच्याचं नाव आलंय. जखमी झालेला माणूस आठवड्यानं गेला. शाळेच्या दाखल्याप्रमाणे भाचा १६ वर्षं ३ महिन्यांचा आहे. पोलीस म्हणतात, आता मोठ्या माणसासारखी केस चालणार, जन्मठेप होणार. खरंच असं होतं का? आम्ही नेमकं काय करायचं?

मामा, पोलीस म्हणाले म्हणून तसं होत नाही. हा निर्णय त्यांच्या हातात नाही. आधी बाल न्याय मंडळ ठरवतं आणि त्यानंतर बाल न्यायालय स्वतंत्रपणे पुन्हा ठरवतं. प्रकरण तिथवर जायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. घटनेच्या दिवशी मुलाला १६ वर्षं पूर्ण झालेली हवीत. लावलेल्या कलमात कमीत कमी शिक्षाच ७ वर्षांची किंवा त्याहून जास्त हवी. आणि मंडळानं त्याचं प्राथमिक मूल्यांकन करून त्याला पुढे पाठवायला हवं. यातली एक जरी निसटली तरी चौकशी मंडळासमोरच होते, आणि तिथे मुलाला फार तर ३ वर्षं विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात, ठेवता येतं.

कोकण किनाऱ्यावरच्या मुलांच्या केसेस मी २१ वर्षं चालवते आहे, बहुतेक विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतून आलेल्या. तुमच्यासारखंच एक प्रकरण सांगते, म्हणजे कुठे काय अडतं आणि कुठे काय सुटतं ते नीट कळेल. गाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. तुमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याचा फोटो फिरत असेल तर तो आजच काढायला लावा.

२४ ऑगस्ट २०२४, नारळी पौर्णिमेनंतरचा शनिवार. पावसाळी मासेमारीची बंदी उठून हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. जेटीवर मासळी उतरवताना जागेवरून दोन बोटींच्या माणसांत जुंपली. एका खलाशाच्या डोक्यात वल्ह्याचा दांडा बसला. आमच्या बाजूच्या बोटीवर २४ वर्षांचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, होता आणि त्याचे दोन भाचे होते. थोरला १७ वर्षं ४ महिन्यांचा. धाकटा शाळेच्या दाखल्यावर १ जून २००८ चा, म्हणजे १६ वर्षं पूर्ण होऊन पावणेतीन महिने झालेला. तांडेलाचा खटला सत्र न्यायालयात वेगळा चालला, कारण मुलाची आणि सज्ञान आरोपीची सुनावणी एकत्र घेता येत नाही.

आधी कलमाचं बघू. पहिल्या दिवशी भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ लागलं होतं, म्हणजे खुनाचा प्रयत्न. त्यात शिक्षा १० वर्षांपर्यंत, दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. पण किमान शिक्षा सांगितलेली नाही. बाल न्याय कायदा गुन्हा ‘निर्घृण’ आहे की नाही हे कमाल शिक्षेवरून ठरवत नाही, किमान शिक्षेवरून ठरवतो. कमाल कितीही मोठी असो, किमान ७ वर्षं लिहिलेली नसतील तर तो ‘गंभीर’ गुन्हा होतो आणि त्यासाठी १७ वर्षांच्या मुलालाही सज्ञान म्हणून उभं करता येत नाही. ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात स्पष्ट केली. मग २०२१ च्या दुरुस्तीने ती कायद्यातच घातली आणि ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. पुण्यात मे २०२४ मध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, ते प्रकरण तुम्हाला आठवत असेल. तिथेही त्याला सज्ञान धरावं हा पोलिसांचा अर्ज मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला. लोकांना ती मेहेरबानी वाटली. सदोष मनुष्यवधाच्या कलमात किमान ७ वर्षं नाहीत, हा त्यातला मूळ मुद्दा होता.

आमच्या प्रकरणात खलाशी नऊ दिवसांनी, २ सप्टेंबरला, दवाखान्यात वारला आणि कलम १०३ लागलं. खुनाला शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, त्याखाली काही नाही. म्हणजे किमान शिक्षा आपोआप ७ वर्षांच्या वर जाते आणि गुन्हा निर्घृण होतो. मुलांनी जे केलं ते २४ तारखेलाच करून झालं होतं, पण त्यांच्यासमोरचा दरवाजा २ तारखेला बदलला. तुमच्याकडेही हेच झालं असणार. म्हणून पहिलं काम, एफआयआरची प्रत घ्या आणि मृत्यूनंतर नेमकं कोणतं कलम वाढवलं ते वाचा. १०३ आहे की १०५, या एका आकड्यावर पुढचं सगळं फिरतं. १०५ मध्ये किमान शिक्षा जास्तीत जास्त ५ वर्षांची आहे, त्यामुळे ते निर्घृणमध्ये बसत नाही.

आता वय. माझं म्हणणं असं की सोळाच्या आसपासच्या मुलाच्या केसमध्ये वकिलाने दुसरं काहीही हातात घेण्याआधी जन्मतारीख हातात घ्यावी. वय मोजायचं ते मुलाच्या हातून कृती झाली त्या दिवशीचं. अटक, हजेरी, आरोपपत्र किंवा जखमीचा मृत्यू यांच्या तारखा वयासाठी धरायच्या नाहीत.

धाकट्याचा १ जून बघितला आणि मी थबकले. आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर उघडा, १ जूनला जन्मलेली मुलं पानापानावर सापडतील. पालक दाखला न घेता यायचे, गुरुजींना मूल पहिलीत बसवायचं असायचं, मग ते वयात बसेल अशी तारीख घालायचे. त्यात वाईट हेतू नसायचा. पण तीच तारीख पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर चढते आणि कायद्याच्या नजरेत पक्की होते.

आई ऑफिसात आली तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, “हा झाला तेव्हा पाऊस होता का?”

“मॅडम, तो माझ्या माहेरी झाला. अनंत चतुर्दशी होऊन तीन दिवस झाले होते. गणपती बघायला मिळाले नाहीत म्हणून मी रडले होते.”

२००८ साली अनंत चतुर्दशी १४ सप्टेंबरला होती. म्हणजे जन्म १७ सप्टेंबरचा, आणि घटनेच्या दिवशी मुलगा १५ वर्षं ११ महिने ७ दिवसांचा. सोळा पूर्ण व्हायला २४ दिवस कमी.

पण आईच्या आठवणीवर मंडळ निर्णय देत नाही. वय ठरवायचा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. पहिल्यांदा शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. म्हणजे हा क्रम आमच्या विरुद्ध होता. शाळेचा कागद वर, ग्रामपंचायतीचा खाली.

आम्ही तीन कागद उभे केले. मुख्याध्यापकांना जनरल रजिस्टर घेऊन मंडळासमोर बोलावलं. प्रवेशाच्या ओळीत जन्मतारखेच्या आधाराचा रकाना होता. त्यात निळ्या शाईने लिहिलं होतं, ‘पालकांचे सांगणे’. सोबत जन्मदाखला नाही, प्रतिज्ञापत्र नाही. सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्या वर्षीच्या २६ मुलांपैकी ९ जणांची तारीख १ जून आहे. दुसरा कागद आजोळच्या ग्रामपंचायतीतला जन्मनोंदीचा उतारा. यात महत्त्वाचं काय, तर नोंद केल्याची तारीख. जन्म १७ सप्टेंबर २००८, नोंद २९ सप्टेंबर २००८. २१ दिवसांच्या मुदतीत, आणि घटनेच्या जवळपास १६ वर्षं आधी. तेव्हा कुणाला माहीत होतं की या तारखेची पुढे गरज पडेल? तिसरा कागद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रसूती नोंदवहीतलं पान. त्यावर आईचं नाव आणि त्याच दिवसाची नोंद.

पोलिसांनी हाडांची तपासणी मागितली. आम्ही विरोध केला. एकतर कागद उपलब्ध असताना ती करायची नसते. शिवाय एक्स-रेवरून सांगितलेलं वय एक-दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतं. २४ दिवसांचा वाद त्याने कसा सुटणार?

मंडळाने शाळेची नोंद निराधार ठरवून ग्रामपंचायतीची तारीख धरली. सगळीकडे असंच होईल असं समजू नका. शाळेत प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला जोडलेला असेल तर शाळेचीच तारीख टिकते. आणि घटनेनंतर घाईघाईने उशिराची जन्मनोंद करून आणली तर ती उलटते, मंडळाचा तुमच्यावरचा विश्वासच जातो. तसं अजिबात करू नका. तारीख खरी असेल तर तिचा जुना माग कुठेतरी असतोच. लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीचं रजिस्टर, आरोग्य केंद्राची वही, असं शोधत जायचं.

आदेश झाला त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात मृत खलाशाची बायको उभी होती. तिने मला विचारलं, “माझा नवरा गेला, त्याला चोवीस दिवसांनी काय फरक पडतो?” मी तिला काही सांगू शकले नाही. रेष कुठेतरी ओढावी लागते आणि ती ओढली की तिच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी उभं असतंच. १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी ती १६ वर होती, २००० च्या कायद्याने १८ वर नेली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर लोकांचा संताप झाला आणि २०१५ च्या कायद्याने १८ तसंच ठेवून १६ ते १८ मधल्यांसाठी ही वेगळी वाट काढली. १५ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. मला ही वाट अजूनही पटत नाही. पण ती आहे, आणि तिच्यावरून मुलाला नेताना प्रत्येक पायरी तपासून घ्यायची असते.

ती वाट थोरल्याच्या वाट्याला आली. त्याचं वय वादातच नव्हतं. त्यामुळे कलम १५ प्रमाणे प्राथमिक मूल्यांकन झालं. हा खटला नसतो. मुलाने गुन्हा केला की नाही हे इथे ठरवायचंच नसतं. मंडळाला फक्त बघायचं असतं की असा गुन्हा करण्याची शारीरिक आणि मानसिक क्षमता त्याच्यात होती का, त्याचे परिणाम त्याला समजत होते का, आणि तो कोणत्या परिस्थितीत घडला. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून ३ महिन्यांत हे व्हावं असं कायदा म्हणतो. पण उशीर झाला म्हणून मूल्यांकन रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितलंय. त्यामुळे केवळ उशिरावर भिस्त ठेवू नका.

बिघडतं ते इथे. थोरल्याचा पहिला अहवाल अर्ध्या पानाचा होता. ‘बुद्ध्यांक ९४. प्रकृती धडधाकट. डोक्यात मारल्यास माणूस मरू शकतो हे त्यास समजते.’ संपलं. पाच वर्षांच्या पोरालाही विचारा, डोक्यात दांडा घातला तर काय होतं, तो सांगेल. प्रश्न तो नसतोच. दिवसभर राबलेल्या मुलाला, रात्री, आरडाओरड्यात, त्या दोन मिनिटांत पुढचं काय दिसत होतं, हा प्रश्न असतो. जुलै २०२२ मध्ये हरियाणातल्या एका शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परिणाम समजणं म्हणजे तात्काळ काय होईल एवढंच नव्हे. मृताचं कुटुंब, स्वतःचं कुटुंब, स्वतःचं पुढचं आयुष्य, हे सगळं त्यात येतं. आणि मंडळात बालमानसशास्त्राची पदवी घेतलेली व्यक्ती नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे. अहवाल हातात आला की आधी बघा, मुलाशी किती वेळ आणि किती बैठकांत बोलले, आणि घटनेच्या परिस्थितीबद्दल त्यात एक तरी ओळ आहे का. नसेल तर लेखी हरकत घ्या.

आम्ही घेतली. जिल्हा रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञ दोनदा बसल्या त्याच्याजवळ. तेव्हा कळलं ते असं. मुलगा चौदाव्या वर्षापासून बोटीवर, दहावी नापास. बाप नाही. त्याचा पगार, जेवण आणि झोपायची जागा सगळं मामाच्या हातात. मारामारीत तो आधी मागे उभा होता. मामा ओरडला, “बघतोस काय, हाण!” आणि त्याने दांडा उचलला. हे मुलाने आम्हाला आधी कधीच सांगितलं नव्हतं, कारण मामाविरुद्ध बोलायचं नाही असं घरात ठरलं होतं. तुमच्या घरात असं काही ठरलं असेल तर तुम्ही मामा म्हणून ते मोडा, आणि मुलाला त्याच्या वकिलाशी एकट्याने बोलू द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. मूल्यांकनात मुलगा घटनेबद्दल जे सांगतो तो कबुलीजबाब म्हणून वापरायचा नसतो. तरी अहवालात ‘मुलाने गुन्हा मान्य केला’ अशी वाक्यं शिरतात. ती दिसली की लगेच मंडळाच्या लक्षात आणून द्यायची.

एवढं होऊनही मंडळाने थोरल्याला बाल न्यायालयाकडे पाठवलं. या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. आम्ही अपील न करता बाल न्यायालयातच कलम १९ चा आग्रह धरला. बरेच वकील इथे चुकतात. फाईल आली की लगेच आरोप निश्चित करायला बसतात. खरं तर बाल न्यायालयाने मंडळाच्या मतावर शिक्का मारायचा नसतो. सज्ञान म्हणून खटला चालवण्याची गरज आहे का, हे त्याने स्वतः नव्याने ठरवायचं असतं. न्यायाधीशांनी दोन्ही अहवाल वाचले, परिविक्षा अधिकाऱ्यांना बोलावलं आणि गरज नाही असं ठरवलं. मग त्याच न्यायालयाने मंडळासारखी चौकशी केली. त्याचा सहभाग सिद्ध झाला आणि २ वर्षं विशेष गृह मिळालं. धाकट्याची चौकशी मंडळापुढेच झाली. त्याच्या हातात काहीच नव्हतं, त्याने फक्त एकाला धरून ठेवलं होतं. त्याला परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, आजीच्या ताब्यात सोडलं.

जन्मठेपेचं तुम्ही विचारलंत. बाल न्यायालयाने सज्ञान म्हणून खटला चालवला आणि खून सिद्ध झाला तर जन्मठेप होऊ शकते, हे मी लपवणार नाही. फाशी होत नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. २१ वर्षांचा होईपर्यंत त्याला तुरुंगात नाही, ‘सुरक्षित स्थानी’ ठेवायचं असतं. २१ व्या वर्षी न्यायालय पुन्हा बघतं, त्याच्यात सुधारणा झाली का. झाली असेल तर सोडू शकतं, नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात. म्हणून तिथला प्रत्येक वार्षिक अहवाल, शिकलेलं काम, दिलेली परीक्षा यांचे कागद जपून ठेवायचे असतात.

आत्ता मात्र त्याआधीचं बघा. भाच्याला पोलीस कोठडीत ठेवलं असेल तर ते बेकायदा आहे. २४ तासांत मंडळासमोर हजर करून निरीक्षणगृहात ठेवायला हवं. जामीन खुनातही मिळतो. मुलगा गुन्हेगाराच्या संगतीत पडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतू फसेल असं वाटलं तरच मंडळ नाकारतं. धाकट्याला १९ व्या दिवशी मिळाला, कारण तांडेल मामा आत होता आणि आजी दुसऱ्या गावात राहणारी होती. मुलगा कुठे राहील, कोण सांभाळेल, शाळेत कधी परत जाईल, हे लेखी देणारा एक माणूस उभा करा. तो तुम्ही असू शकता, मात्र मारामारीत तुमच्या घरातलं दुसरं कुणी आरोपी नको.

आणि उद्या सकाळी दोघांनी दोन ठिकाणी जा. तुम्ही शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधल्या प्रवेशाच्या ओळीची सही-शिक्क्याची नक्कल मागा, आधाराचा रकाना दिसेल अशी. बहिणीला तिचं बाळंतपण झालं त्या गावच्या ग्रामपंचायतीत पाठवा आणि उताऱ्यावर जन्माची आणि नोंदीची अशा दोन्ही तारखा आहेत का ते तिथेच उभं राहून वाचायला सांगा. तीन महिन्यांचा फरक आहे, तो खरा आहे की गुरुजींनी घातलेला, हे त्या दोन कागदांवरून संध्याकाळपर्यंत कळेल.